परीक्षणात असलेला शोधनिबंध परत मागताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे जुनं दुखणं आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे पाहिले की पाणी तपासायची वेगळी गरज वाटत नाही. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावं. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, माझा पीएचडीचा विद्यार्थी आणि दुसऱ्या विद्यापीठातले एक ज्येष्ठ प्राध्यापक अशांनी, या भागातल्या चाळीसेक हातपंपांचं आणि विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासून एक शोधनिबंध लिहिला होता. निष्कर्ष सरळ होता: पावसाळ्यानंतर फ्लोराइड उतरतं. पावसाळ्याआधीची सरासरी १.९, नंतरची १.६. पुनर्भरणाचं पाणी मिसळून फ्लोराइड पातळ होतं, हे आमचं स्पष्टीकरण. निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडे गेला आणि परीक्षकांकडे पोहोचलाही.

तो तिथे असतानाच आम्ही संपादकांना पत्र लिहून परत मागितला. असं पत्र लिहायची वेळ फार जणांवर येत नाही. आली तरी त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण मागे घेतलेल्या निबंधाची यादी कोणी बायोडेटात देत नाही. मला त्या वेळी विचारायला माणूस मिळाला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात झाली ती नमुने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेच्या ईमेलने. अशा प्रयोगशाळा अधूनमधून तुलनात्मक चाचणीत भाग घेतात. एकाच पाण्याच्या सीलबंद बाटल्या अनेक प्रयोगशाळांना जातात आणि सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले जातात. यांचे फ्लोराइडचे आकडे कमी आले. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की मोजमापासाठी वापरलेल्या प्रमाण द्रावणाच्या दोन बाटल्यांपैकी एक बाटली लेबलवर लिहिल्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त तीव्र होती. ती वापरात होती त्या काळातच आमचे पावसाळ्यानंतरचे नमुने तपासले गेले होते. कोणत्या दिवशी कोणती बाटली उघडली होती, याची नोंद मात्र वहीत नव्हती.

यात नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. फ्लोराइड इलेक्ट्रोड पाण्यात बुडवला की तो मिलिव्होल्टमध्ये एक आकडा देतो. त्या आकड्याचा अर्थ लावायचा तर आधी माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं, समजा ०.५, १, २ आणि ५ मिलिग्रॅमची, मोजून आलेख काढावा लागतो. तीव्रता दहापट वाढली की इलेक्ट्रोडचं वाचन साधारण ५९ मिलिव्होल्टने बदलायला हवं. हा उतार बरोबर आला म्हणजे उपकरण ठीक, असं आपण मानतो. पण ही चारही द्रावणं एकाच मूळ बाटलीतून पातळ करून बनवलेली असतात. मूळ बाटलीच २५ टक्के जास्त तीव्र असेल तर चारही द्रावणं त्याच प्रमाणात तीव्र होतात. आलेखाची रेघ अख्खीच्या अख्खी सरकते आणि उतार तसाच राहतो. त्यामुळे अहवालासोबत आलेला आलेख निर्दोष दिसत होता, आणि तो पुन्हा पुन्हा तपासूनही काही सापडलं नसतं. हे पकडायचं असेल तर दुसऱ्याच ठिकाणाहून आणलेलं, स्वतंत्र प्रमाण द्रावण मध्येच मोजून पाहावं लागतं.

तीव्र द्रावणाला आपण सौम्य समजलो की नमुन्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ज्या पाण्यात खरं १.५ आहे तिथे १.२ दिसतं. म्हणजे आमच्या पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक आकड्याबाबत दोन शक्यता होत्या: तो आहे तसा बरोबर आहे, किंवा त्याला १.२५ ने गुणायला हवं. सगळे आकडे बरोबर धरले तर सरासरी १.६ राहते. सगळे गुणले तर २.० होते. पावसाळ्याआधीची सरासरी १.९ होती. फ्लोराइड उतरलं, की होतं तिथेच राहिलं, की किंचित वाढलं, हे आता सांगताच येत नव्हतं. निबंधाचं शीर्षकच त्या उतरण्यावर बेतलेलं होतं.

माझ्या विद्यार्थ्याने त्याच रात्री आकडे पुन्हा मांडले. विहिरीची खोली, खडक, गाव असं न लावता त्याने ते तपासणीच्या तारखेप्रमाणे लावले. चित्र लगेच बदललं. काही दिवसांच्या नमुन्यांत घट जवळजवळ सारखीच, वीस टक्क्यांच्या आसपास होती, मग ती उथळ विहीर असो की खोल बोअर. बाकीच्या दिवसांच्या नमुन्यांत घट नव्हतीच म्हणावी इतकी कमी. पावसाचं पाणी असं वागत नाही. उथळ विहिरीत ते पटकन उतरतं, खोल बोअरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे घट जागोजागी वेगळी असायला हवी.

इथेच एक मोठा मोह होता. ज्येष्ठ सहलेखक सर फोनवर म्हणाले, "मग तर सोपंच झालं. ज्या दिवशी घट वीस टक्के आहे, त्या दिवशी खराब बाटली होती. ते आकडे १.२५ ने गुणा, दुरुस्त तक्ता संपादकांना पाठवा. निबंध परत कशाला मागायचा?"

प्रस्ताव ऐकायला बिनतोड वाटतो, आणि मी त्यावर बराच विचार केला. अडचण अशी, की कोणती बाटली कुठे वापरली हे आपण वहीवरून ठरवत नाही, आपल्याला मिळालेल्या घटीवरून ठरवतो, आणि मग तीच घट दुरुस्त करतो. ज्या विहिरींत फ्लोराइड खरोखरच उतरलं असेल, त्यांची घटही या रीतीने पुसली जाईल, आणि शेवटी पावसाचा परिणाम होत नाही असा उलटा निष्कर्ष हाती येईल. तो निष्कर्ष आपणच आत घातलेला असेल. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. उत्तर पाहून गणित मांडल्यासारखं होईल ते."

नमुने पुन्हा तपासून घ्यायचा मार्गही बंद होता. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन साधारण २८ दिवसांच्या आत तपासायचा, असा दंडक आहे. ती मुदत केव्हाच उलटली होती. त्या हंगामाचं पाणी पुन्हा मिळणार नव्हतं, पुढचा पावसाळा संपायची वाट पाहणं भाग होतं. पावसाळ्याआधीचे आकडे मात्र दुसऱ्या काळातले होते आणि प्रयोगशाळेने ते बाधित नसल्याचं लेखी दिलं होतं. पण एकाच हंगामाचे आकडे घेऊन दोन हंगामांच्या तुलनेचा निबंध उभा राहत नाही.

म्हणून मागे घ्यायचं ठरलं. आता प्रश्न होता कसं, आणि किती लवकर.

नियतकालिकाची संगणकीय प्रणाली एडिटोरियल मॅनेजर होती. तिथे आमच्या निबंधापुढे Under Review असं दिसत होतं. लेखकाला या टप्प्यावर निबंध स्वतः काढून घेता येत नाही, तसं बटणच आमच्या पानावर नव्हतं. संपादकीय कार्यालयाला लिहावं लागतं आणि काढण्याचं काम ते करतात. शिवाय निबंध परीक्षकांकडे असतो तेव्हा दोन-तीन अनोळखी माणसं आपला वेळ देऊन, विनामोबदला तो वाचत असतात. ज्या तक्त्यावर आपलाच विश्वास उरलेला नाही, तो त्यांना आणखी एक आठवडा वाचायला लावणं मला बरं वाटेना. घाईचं खरं कारण हे होतं.

पण पत्र एकट्याने पाठवता येत नाही. निबंध सगळ्या लेखकांचा असतो, आणि तो मागे घ्यायला सगळ्यांची लेखी संमती लागते. हे फक्त सभ्यतेचं काम नाही. लेखकांमध्ये भांडण झालं की एकजण रागाने निबंध मागे घेतो आणि दुसरा तो छापायचा आग्रह धरतो, असे प्रसंग संपादकांपुढे येतात, म्हणून ते प्रत्येकाची संमती तपासतात. सरांची संमती मिळायला एक फोन पुरला. विद्यार्थ्याचं तसं नव्हतं. २०२२ च्या यूजीसीच्या नियमांनंतर प्रबंध सादर करायला छापलेला शोधनिबंध देशपातळीवर सक्तीचा राहिलेला नाही, पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो, हे त्याला माहीत होतं. तो समोर बसून म्हणाला, "मॅडम, सही मी करतोच. पण यात माझं वर्ष जाईल ना?" मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, जाईल. त्याच्या प्रबंधातलं जे प्रकरण पावसाळ्याआधीच्या खडक आणि फ्लोराइड यांच्या नात्यावर आहे ते शाबूत आहे, त्यावर आपण वेगळा, छोटा निबंध आधी लिहू. सही करायच्या आधी हे बोलणं व्हायला हवं होतं असं मला आजही वाटतं. मार्गदर्शकाने विद्यार्थ्यापुढे नुसता कागद सरकवणं योग्य नाही.

पत्राचा पहिला मसुदा सरांनी पाठवला. त्यात एकच वाक्य होतं: काही अपरिहार्य कारणांमुळे आम्ही निबंध मागे घेऊ इच्छितो. आपल्याकडे रजेच्या अर्जापासून राजीनाम्यापर्यंत हे वाक्य चालतं. इथे ते चालवू नये असं मला ठामपणे वाटलं. संपादकाला असं पत्र आलं की त्याच्या मनात दोन शंका येतात. एक, हा निबंध यांनी एकाच वेळी दुसरीकडेही पाठवला होता आणि तिथे तो स्वीकारला गेलाय. दुसरी, परीक्षकांची मतं मिळवून घ्यायची, त्यावरून निबंध सुधारायचा आणि वरच्या नियतकालिकाकडे न्यायचा. दोन्ही गोष्टी घडतात, म्हणूनच शंका येते. ती येऊ नये असं वाटत असेल तर कारण नेमकं लिहायला हवं.

दुसरं टोकही टाळायचं होतं. माझ्या दुसऱ्या मसुद्यात प्रयोगशाळेची सगळी हकीकत, ईमेलच्या तारखा, फोनवरची बोलणी असं दीड पान झालं होतं. संपादकाला त्यातलं फार थोडं लागतं. शिवाय ज्या प्रयोगशाळेने स्वतःहून चूक कळवली, तिच्यावर पत्रात बोट ठेवायचं कारण नव्हतं. त्यांनी कळवलं नसतं तर निबंध छापून आला असता.

अखेर गेलेलं पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मजकूर मराठीत असा:

"महोदय, आमचा निबंध (क्रमांक आणि शीर्षक) सध्या आपल्याकडे परीक्षणात आहे. तो मागे घेण्याची आम्ही विनंती करतो. निबंध पाठवल्यानंतर विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेने आम्हाला कळवलं, की पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांच्या काळात वापरलेल्या दोन प्रमाण द्रावणांपैकी एक लेबलपेक्षा सुमारे २५ टक्के तीव्र होतं आणि कोणत्या नमुन्यांसाठी ते वापरलं गेलं हे ठरवता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यानंतरचे फ्लोराइडचे आकडे आणि त्यावर आधारलेला हंगामी घटीचा निष्कर्ष यांवर आम्ही विसंबू शकत नाही. पावसाळ्याआधीचे आकडे बाधित नाहीत. नमुने पुन्हा मिळणं शक्य नसल्याने दुरुस्ती करून निबंध याच परीक्षणात ठेवता येणार नाही. तिन्ही लेखकांची या विनंतीला संमती आहे, त्यांच्या सह्यांचं पत्र सोबत जोडलं आहे. हा निबंध दुसऱ्या कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलेला नाही. आपण आणि परीक्षकांनी दिलेल्या वेळेबद्दल आभार, आणि झालेल्या तसदीबद्दल दिलगिरी. निबंध मागे घेतल्याचं आपण लेखी कळवावं, ही विनंती."

विनंती पहिल्या दोन वाक्यांतच आहे. संपादकीय कार्यालयात रोज ढीगभर ईमेल येतात, त्यात विषयाच्या ओळीत निबंधाचा क्रमांक आणि मागे घेण्याची विनंती हे दोन्ही दिसलं नाही तर पत्र चौकशीच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं. आमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र मला दुरुस्ती करता येणार नाही हे वाटतं. ते नसतं तर संपादकांनी साहजिकच विचारलं असतं, की सुधारित तक्ता का देत नाही. शेवटच्या ओळीत लेखी उत्तर मागितलं, कारण मागे घेणं आपल्या पत्राने पूर्ण होत नाही. ते त्यांच्या उत्तराने होतं.

पत्र प्रणालीतल्या Send E-mail या दुव्यावरून पाठवलं, म्हणजे ते निबंधाच्या नोंदीला जोडून राहतं, आणि त्याची प्रत मुख्य संपादकांच्या पत्त्यावर दिली. तिन्ही लेखकांना प्रत गेली. त्यात एक अडथळा आला. सरांनी मध्यंतरी विद्यापीठ बदललं होतं आणि प्रणालीत त्यांचा जुनाच ईमेल होता, तो परत आला. संपादकीय कार्यालय सहलेखकांना नोंदवलेल्या पत्त्यावरच विचारतं, त्यामुळे उत्तर येईना. शेवटी सरांनी नव्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून, पूर्वीचा पत्ता का बंद आहे ते लिहून, स्वतंत्र संमती पाठवली तेव्हा गाडी पुढे सरकली. ज्यांचे सहलेखक निवृत्त झालेत किंवा ज्यांचे विद्यार्थी पदवी घेऊन गेलेत, त्यांनी हे पत्ते आधीच पाहून ठेवावेत.

सहयोगी संपादकांचं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा आपुलकीचं होतं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, बाधित आकडे आम्ही आणखी कुठे छापलेत का: परिषदेच्या सारांशात, प्रीप्रिंटमध्ये, दुसऱ्या निबंधात? आमचं तसं काही नव्हतं. असतं तर तिथेही वेगळी नोंद करावी लागली असती. उदाहरणार्थ, आर्काइव्हसारख्या प्रीप्रिंट संकेतस्थळावर मागे घेतल्याची नवी आवृत्ती चढवता येते, पण जुनी आवृत्ती वाचायला तिथेच राहते. दुसरा प्रश्न असा, की फक्त पावसाळ्याआधीच्या आकड्यांवर निबंध नव्याने लिहून याच क्रमांकाखाली सुधारित म्हणून द्यायचा आहे का. आम्ही आभार मानून नकार दिला. प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष तिन्ही बदलणार असतील तर तो वेगळा निबंध होतो, आणि परीक्षकांनी वाचलेल्या निबंधाची ती सुधारित आवृत्ती म्हणता येत नाही.

उत्तरासोबत त्यांनी एका परीक्षकाचं आलेलं मतही जोडलं. मागे घेतलेल्या निबंधाची मतं लेखकाला पाठवायलाच हवीत असं नाही, तरी त्यांनी पाठवलं. त्यात परीक्षकाने विचारलं होतं, की खोल आणि उथळ स्रोतांत घटीचं प्रमाण इतकं सारखं कसं, आणि तपासणीच्या तारखा व स्वतंत्र प्रमाण द्रावणाचे निकाल पुरवणीत द्याल का. विद्यार्थ्याने जे रात्री जागून शोधलं होतं, ते त्या अनोळखी माणसाने कोरड्या तक्त्यावरून ओळखलं होतं. मला त्या परीक्षकाबद्दल फार आदर वाटला.

यानंतर प्रणालीत निबंधापुढे Withdrawn दिसेपर्यंतचे दिवस शांतपणे काढायचे होते. या काळात निबंध, किंवा त्याचा कुठलाही तुकडा, दुसरीकडे पाठवायचा नाही. उत्तर येत नाही म्हणून लोक कंटाळून पाठवतात आणि अडचणीत येतात. मागे घेण्याचं पत्र गेलं तरी पुष्टी येईपर्यंत निबंध पहिल्याच नियतकालिकाच्या विचाराधीन असतो, त्यामुळे दुसरीकडे पाठवणं हे दुहेरी सादरीकरण ठरतं. छापलेला नसल्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कदाचित सापडणार नाही, पण विषय लहान असतात. भूजलातल्या फ्लोराइडवर निबंध तपासणारी माणसं मोजकी आहेत, आणि एकाच परीक्षकाकडे दोन नियतकालिकांतून तोच निबंध गेल्याचे प्रसंग मी ऐकले आहेत. उत्तर येत नसेल तर आधीच्या पत्राची तारीख देऊन पुन्हा लिहायचं, मग मुख्य संपादकांना, मग प्रकाशकाच्या कार्यालयाला.

आमचं काम तुलनेने सुरळीत झालं ते निबंध परीक्षणाच्या टप्प्यावर होता म्हणून. स्वीकारला गेल्यानंतर आणि प्रताधिकाराच्या कागदावर सही झाल्यानंतर मागे घ्यायचा तर प्रकाशकही मध्ये येतो. एकदा छापून आला, की तो मागे घेता येत नाही. मग नियतकालिक तो रद्द केल्याची सूचना छापतं, आणि निबंध त्या सूचनेसह सगळ्यांना कायम दिसत राहतो. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची गोष्ट वेगळीच. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेने अशा एका ठिकाणाहून निबंध परत मागितला, तर तिला मागे घेण्याचं शुल्क भरा म्हणून बिल आलं, आणि भरलं नाही तर छापून टाकू अशी धमकी. तिने पैसे दिले नाहीत. निबंध मागे घेत असल्याचं, प्रताधिकार दिलेला नसल्याचं आणि छापायला परवानगी नसल्याचं तिने तारखेसह लेखी कळवलं आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवला. पुढे खरं नियतकालिक विचारेल तेव्हा दाखवायला तोच पुरावा असतो.

एक पत्र संपादकांच्या पत्राइतकंच गरजेचं होतं. नमुने घेताना आम्ही गावोगावच्या ग्रामपंचायतींना आमचे आकडे कळवले होते. काही हातपंपांना पावसाळ्यानंतर १.२, १.३ असे आकडे आले होते आणि तिथलं पाणी मर्यादेत असल्याचं लोकांनी धरलं होतं. १.३ ला १.२५ ने गुणलं तर १.६ च्या वर जातं, म्हणजे १.५ ची मर्यादा ओलांडली जाते. ज्यांचा आकडा १.२ ते १.५ च्या दरम्यान होता अशा सगळ्या स्रोतांची यादी करून आम्ही ग्रामसेवकांना लेखी कळवलं, की पावसाळ्यानंतरचा आकडा ग्राह्य धरू नका, नवी तपासणी होईपर्यंत हे पाणी मर्यादेबाहेर असू शकतं असं समजा. दोन गावांत आम्ही स्वतः जाऊन हातपंपाजवळच्या बायकांशी बोललो. त्यातल्या एकीने विचारलं, "मग लेकरांना विहिरीचं देऊ की बोअरचं?" त्या गावात विहिरीचा पावसाळ्याआधीचा आकडा एकच्या खाली होता, म्हणून विहिरीचं द्या, उकळून द्या असं सांगितलं. उकळणं जंतूंसाठी, त्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यावर किंचित वाढतं, हेही सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच स्रोतांचे नमुने पुन्हा घेतले. या वेळी प्रत्येक दिवसाच्या तपासणीत सुरुवातीला आणि शेवटी वेगळ्या स्रोताचं प्रमाण द्रावण मोजायचं, बाटलीचा क्रमांक वहीत लिहायचा, आणि दर दहा नमुन्यांमागे एक नमुना आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवायचा, असं ठरवून घेतलं. एका गावाचे सगळे नमुने एकाच दिवशी जाणार नाहीत अशा बेताने त्यांचा क्रमही मिसळला, म्हणजे तपासणीच्या दिवसात काही खोट निघाली तर ती गावाच्या किंवा खोलीच्या फरकासारखी दिसणार नाही. उथळ विहिरींत घट दिसली, खोल बोअरमध्ये जवळजवळ नाही.

नवा निबंध आम्ही त्याच नियतकालिकाकडे पाठवला. त्याला नवा क्रमांक आणि सादर केल्याची नवी तारीख मिळते, जुनी तारीख पुढे चालत नाही. सोबतच्या पत्रात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं, की याच स्रोतांवरचा आमचा आधीचा निबंध, अमुक क्रमांकाचा, विश्लेषणातल्या दोषामुळे आमच्या विनंतीवरून मागे घेतला होता, पावसाळ्यानंतरचे सगळे आकडे नवे आहेत, आणि आधीच्या परीक्षकाने मागितलेल्या तपासणीच्या तारखा व प्रमाण द्रावणाचे निकाल पुरवणीत दिले आहेत. विद्यार्थ्याचा छोटा निबंध तोवर दुसरीकडे स्वीकारला गेला होता. मोठा सध्या परीक्षणात आहे.